तीर्थयात्रेची जाहिरात आणि ‘पैसे परत मिळणार नाहीत’ ही ओळ

जळगाव-धुळ्याकडील सामूहिक तीर्थयात्रांच्या जाहिरातींत ‘बुकिंग रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत’ अशी ओळ छापली की भरलेली रक्कम कायमची कंपनीची झाली, हा समज प्रवासी आणि आयोजक या दोघांतही इतका पक्का आहे की पावती पाहूनच अनेकजण परतावा मागण्याचा विचार सोडून देतात. वस्तुतः भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारमोडीसाठी आधी ठरवलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि त्या मर्यादेत केवळ वाजवी भरपाईच मिळू शकते. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास (1963) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व जप्त केलेल्या रकमेलाही लावले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 तर झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लादणाऱ्या कराराला ‘अनुचित करार’, म्हणजे ग्राहकाच्या हक्कांत लक्षणीय बदल घडवणारा एकतर्फी करार, असे म्हणतो.

उदाहरणादाखल, भुसावळहून निघणाऱ्या काशी-अयोध्या यात्रेचे शुल्क ₹20,000 व आगाऊ रक्कम ₹8,000 आहे आणि यात्रेकरूने 40 दिवस आधी नाव मागे घेतले, असे धरू. रेल्वे तिकिटाची वजावट आणि धर्मशाळेकडून परत न मिळणारे पैसे मिळून कंपनीचे ₹1,400 गेले असतील, तर उरलेले ₹6,600 कोणत्या नुकसानीपोटी ठेवले हे तिला सांगता आले पाहिजे. तीच जागा प्रतीक्षेतील दुसऱ्या यात्रेकरूला विकली असेल तर हा हिशेब आणखीच अवघड होतो. याउलट आदल्या दिवशी माघार घेणाऱ्याला पूर्ण परतावा मिळेल, ही अपेक्षाही तितकीच निराधार आहे, कारण तोवर बहुतेक खर्च होऊन गेलेला असतो. म्हणूनच ‘नियम व अटी लागू’ असे मोघम लिहिण्याऐवजी किती दिवस आधी कळवल्यास किती रक्कम कापली जाईल, उरलेली किती दिवसांत मिळेल आणि कंपनीनेच यात्रा रद्द केल्यास काय होईल, हे जाहिरातीत लिहिणे दोन्ही बाजूंच्या हिताचे ठरते. दाद मागण्यासाठी कंपनीच्या गावी जावे लागत नाही. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगातही तक्रार दाखल करता येते, मात्र करारच अनुचित ठरवून घ्यायचा असल्यास राज्य आयोगाकडे जावे लागते.

‘सर्व समाविष्ट’ म्हणजे सर्व काही, हाही समज चुकीचा असून नौका, रिक्षा, पूजा आणि दक्षिणा यांचा खर्च त्यात आहे की नाही हे वेगळे लिहिलेले असावे लागते. धुळ्याचे स्थानक चाळीसगावहून येणाऱ्या फाट्यावर असल्याने धुळ्याच्या यात्रेकरूने भुसावळपर्यंतच्या बसभाड्याचीही खात्री करावी. आणि केदारनाथच्या यात्रेची निश्चित तारीख दिवाळीतच छापणाऱ्या जाहिरातीवर तर मुळीच विसंबू नये, कारण त्या मंदिराचे दरवाजे उघडण्याचा दिवस महाशिवरात्रीला जाहीर होतो.