कॉलमचं कव्हर चाळीस की पंचेचाळीस?

काँक्रीटच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून आतल्या सळईपर्यंतच्या जाडीला बांधकामात ‘कव्हर’ म्हणतात. ते कमी पडलं की खारी हवा सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. ते किती ठेवायचं हे आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत दिलेलं आहे. ऑफिसातल्या डिझाइन इंजिनिअरला दरवेळी सगळं मानक चाळायला नको, म्हणून त्यातल्या बंधनकारक अटींची चेकलिस्ट करतात. सरळ वाटणारं हे काम नेमकं इथेच फसतं.

मानकात ‘शॅल’ आलं की सक्ती, ‘शूड’ आलं की शिफारस, ‘मे’ आलं की मुभा, ही ढोबळ खूण. पीडीएफमध्ये ‘शॅल’ शोधून सापडलेली वाक्यं उतरवली, तर कॉलमसाठी कलम २६.४.२.१ हाती लागतं: उभ्या सळईचं कव्हर कोणत्याही परिस्थितीत ४० मिमीपेक्षा किंवा सळईच्या व्यासापेक्षा कमी नको. मग चेकलिस्टमध्ये ‘कॉलम: ४०’ अशी ओळ पडते, आणि घोटाळा तिथेच होतो.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा उघडा कॉलम घ्या. २० मिमीच्या उभ्या सळया, भोवती ८ मिमीची रिंग. किनारी हवेला उघडं काँक्रीट तक्ता ३ प्रमाणे ‘तीव्र’ वर्गात येतं, आणि त्या वर्गाला तक्ता १६ मध्ये ४५ मिमी आहे. शिवाय हे कव्हर रिंगसकट सगळ्या सळयांना हवं. म्हणजे रिंगेवर ४५ आणि उभ्या सळईवर ५३. उभ्या सळईपासून ४० मोजून कोणी मोकळा झाला, तर रिंगेवर उरतात जेमतेम ३२. ही सक्ती तक्त्यातल्या आकड्यात आहे. नुसत्या शब्दशोधात ती हाती लागत नाही.

तक्त्याखालची टीप आणखी फसवी. ‘तीव्र’ वर्गात काँक्रीट एम ३५ किंवा वरच्या दर्जाचं असेल, तर ५ मिमी कमी करता येतात. ही मुभा आहे. ती मुख्य ओळीत मिसळली की पुढचा इंजिनिअर सरसकट ४० धरतो आणि काँक्रीट मात्र एम ३० चं मागवतो, कारण या वर्गाला किमान दर्जा तोच आहे. म्हणून माझ्या मते सवलतीला वेगळी ओळ हवी: अट काय, ती पूर्ण झाल्याचा पुरावा कुठल्या ड्रॉइंगवर, मंजुरी कोणाची. मुख्य ओळीत कलम क्रमांक, मानकाची आवृत्ती, दुरुस्तीपत्रक आणि ‘कधी लागू’ हे लिहावं. आगीपासूनच्या संरक्षणाला कलम २६.४.३ वेगळं आहे. दोन्हींतला मोठा आकडा धरायचा.

आणि साइटवर? मानकाप्रमाणे प्रत्यक्ष कव्हर ठरल्यापेक्षा १० मिमीपर्यंत जास्त चालतं, कमी अजिबात नाही. तिथे शब्द ‘शूड’ आहे, तरी ही ओळ मी गाळणार नाही. फक्त ती डिझाइनच्या यादीत न ठेवता, कव्हर ब्लॉक तपासणाऱ्या साइट इंजिनिअरच्या यादीत टाकेन.