ॲपचा फेरफार

चालतं ॲप विकलं जातं म्हणजे हातातून हातात नक्की काय जातं, असा प्रश्न संपादकांनी टाकला. मी शोधत शोधत पोहोचलो कोथरूडमधल्या एका बाईंकडे. त्यांचं कामच हे: एका मालकाच्या खात्यातलं ॲप दुसऱ्याच्या खात्यात नेऊन ठेवायचं, तेही वापरणाऱ्याला पत्ता लागू न देता. नाव छापायचं नाही, या अटीवर त्यांनी शेजारी बसू दिलं.

इतिहास थोडक्यात. ॲपलच्या ॲप स्टोअरवर ही सोय 2013 सालापासून आहे. त्याआधी मालक बदलला की जुनं ॲप काढायचं आणि नव्या खात्यातून नव्याने चढवायचं. वर्षानुवर्षांचे तारे, रिव्ह्यू, घरोघरच्या फोनवर बसलेलं ॲप, सगळं शून्यावर. गूगल प्लेवर आणि ॲपलवर आता हे सगळं ॲपबरोबर जातं. चालू सबस्क्रिप्शनही जातात. फक्त नव्या खात्याचं पैसे घेण्याचं काम आधी पूर्ण झालेलं हवं, म्हणजे गूगलकडे पेमेंट्स प्रोफाइल आणि ॲपलकडे सशुल्क ॲपचा करार. हस्तांतरानंतरच्या नूतनीकरणाचे पैसे नव्या मालकाला मिळतात, आधीचे हिशेब जुन्याकडेच राहतात.

त्या दिवशी त्यांच्यापुढे तानपुऱ्याचं ॲप होतं. मिरजेत बनलेल्या तानपुऱ्यांचे सूर, लेहरा, आणि वार्षिक सबस्क्रिप्शन घेतलं तर स्वतःचा रियाझ ध्वनिमुद्रित करून साठवायची सोय. बनवणारे एक निवृत्त इंजिनिअर. डोळे थकले, म्हणून संगीत शिकवणाऱ्या एका कंपनीला ते देऊन टाकत होते. बाई त्यांना काका म्हणत होत्या.

“काका, पहिला प्रश्न. मालक खरंच बदलतोय, की तुमचीच कंपनी काढली आहे?”

हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारतात. कारण तोच माणूस एकट्याच्या नावावरून स्वतःच्या कंपनीच्या नावावर जात असेल, तर ॲपलकडे सदस्यत्वाचा प्रकारच बदलून घेता येतो. त्याला कंपनीचा डन्स नंबर लागतो, थोडी कागदपत्रं लागतात. पण खातं तेच राहतं, त्याचा टीम आयडीही तोच राहतो, आणि पुढे सांगतो ती निम्मी डोकेदुखी जन्मालाच येत नाही. अर्धी गिऱ्हाइकं इथूनच परत जातात, असं त्या हसून म्हणाल्या. काकांचं ॲप मात्र खरंच दुसऱ्याच्या कंपनीकडे जात होतं.

गूगलची बाजू त्यांनी आधी उरकली. प्ले कन्सोलमधून हस्तांतराची विनंती करायची. तिथे नव्या खात्याच्या नोंदणीच्या वेळी भरलेल्या 25 डॉलरच्या व्यवहाराचा क्रमांक द्यावा लागतो. इथेच तासभर गेला. ते पैसे कंपनीच्या हिशेबनिसाच्या कार्डावरून भरले होते, आणि पावती त्याच्या जुन्या मेलमध्ये पडली होती. क्रमांक मिळाल्यावर विनंती गेली. उत्तर यायला साधारण दोन कामकाजाचे दिवस लागतात.

दोन गोष्टी मात्र त्यांनी काकांकडून लिहून घेतल्या. एक, ॲपच्या अपडेटवर सही करायची किल्ली. काकांनी सहीची मूळ किल्ली गूगलकडे ठेवली होती, त्यामुळे नव्या मालकाला फक्त अपलोडची किल्ली हवी होती. ती हरवली तरी खात्याचा मालक नवी लावून घेऊ शकतो. मूळ किल्ली स्वतःच्याच संगणकावर असणाऱ्या जुन्या ॲपचं तसं नाही. ती गेली तर रिव्ह्यू जागेवर राहतात, पण ॲपला पुन्हा कधी अपडेट देता येत नाही. दुसरी गोष्ट, फायरबेसचा प्रकल्प. तो प्ले खात्याचा भाग नाही. ॲप निघून जातं आणि वापरणाऱ्यांची माहिती मात्र काकांच्या जीमेलखाली पडून राहते. तो वेगळा सोपवावा लागतो.

मग ॲपल. आणि इथे मी गुंतलो.

ॲपलचं बटण सोपं आहे. खात्याचा मूळ धारक असलेला माणूस नव्या मालकाचा ॲपल आयडी आणि टीम आयडी भरतो. समोरच्याला स्वीकारायला 60 दिवस असतात. ॲपची एक तरी आवृत्ती स्टोअरवर येऊन गेलेली हवी, तपासणीत काही अडकलेलं नको, टेस्टफ्लाइटची चाचणी बंद केलेली हवी. स्वीकारलं की ॲप नव्या खात्यात दिसू लागतं. तारे तेच, रिव्ह्यू तेच. लोक इथेच पेढे वाटतात, असं बाई म्हणाल्या.

त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. काकांच्या ॲपमध्ये ‘ॲपलने साइन इन’ करणारे बरेच लोक होते. असं साइन इन केलं की ॲपल त्या माणसाची एक ओळख ॲपच्या सर्व्हरला देतं. ठिपक्यांनी तोडलेली ही लांब अक्षरमाळ, नाव `sub`. सर्व्हर हीच माळ पाहून कोणाचे रियाझ कोणाला दाखवायचे ते ठरवतो. गूगलच्या साइन इनमध्ये एका माणसाची ही ओळख सगळ्या ॲपना सारखीच असते, त्यामुळे ॲपचा मालक बदलला तरी तिला धक्का लागत नाही. ॲपल मात्र दर विकासकाच्या टीमला वेगळी ओळख देतं, म्हणजे दोन कंपन्यांना आपापल्या याद्या जुळवून एकाच माणसाचा माग काढता येऊ नये. हेतू चांगला. पण ॲप दुसऱ्या टीमकडे गेलं की जुनी टीम ज्याला एका माळेने ओळखत होती, त्याला नवी टीम दुसऱ्याच माळेने ओळखू लागते.

सातबाऱ्यावर नाव चढवायला फेरफार लागतो, तसा इथेही एक फेरफार आहे, फक्त तो दर वापरणाऱ्यामागे एकेक करावा लागतो. जुन्या टीमचा सर्व्हर ॲपलला विचारतो: हा माणूस त्या टीमकडे जाणार आहे, त्याचा मधला क्रमांक दे.

```
POST https://appleid.apple.com/auth/usermigrationinfo
Content-Type: application/x-www-form-urlencoded
Authorization: Bearer <access token>

sub=<old id>&target=<new team ID>
&client_id=<app id>&client_secret=<secret>
```

उत्तरात `transfer_sub` येतो. ही यादी नव्या मालकाकडे द्यायची. हस्तांतर झाल्यावर तो आपल्या किल्लीने ॲपलला `transfer_sub` दाखवतो आणि बदल्यात नवी `sub` घेतो. ज्यांनी खरा ईमेल लपवला होता, त्यांचा आडपडद्याचा नवा पत्ताही त्याबरोबर येतो. मग आपल्या तक्त्यात जुनीच्या जागी नवी माळ लिहायची. या देवाणघेवाणीला हस्तांतरापासून 60 दिवसांची मुदत आहे.

बाईंनी काकांच्या यादीतली एक ओळ घेऊन तिचा प्रवास मला कागदावर दाखवला. डाव्या रकान्यात जुनी `sub`, मध्ये `transfer_sub`, उजवीकडे नवी. मधला रकाना हस्तांतराचं बटण दाबण्याआधीच भरून ठेवायचा, हा त्यांचा नियम. जुन्या मालकाला एकदा पैसे मिळाले की तो फोन उचलत नाही, असं त्यांचं मत आहे. काका उचलतील असं मला वाटलं. त्यांना वाटलं नाही, आणि अनुभव त्यांचा होता.

यातली खरी मेख वेळेची आहे. हस्तांतराच्या दिवशी काहीच बिघडत नाही. लोक आधीच आत आलेले असतात, ॲप चालू असतं. आयफोनवर ॲपने जपलेली लॉगिनची खूण असते कीचेनमध्ये, आणि कीचेनचा तो कप्पा टीमच्या नावाने बांधलेला असतो. नवा मालक पहिलं अपडेट स्वतःच्या टीमच्या सहीने पाठवतो, त्या दिवशी जुना कप्पा उघडत नाही. सगळे एकदम बाहेर पडतात आणि पुन्हा साइन इन करतात. आता समजा पहिलं अपडेट तीन महिन्यांनी आलं आणि फेरफार केलाच नव्हता. मुदत संपलेली. सर्व्हरला हजारो अनोळखी माळा दिसतात, आणि तो दर माणसाला नवं कोरं खातं उघडून देतो. मिरजेतला कोणी विद्यार्थी ॲप उघडतो तर वर्षभराचा रियाझ गायब. गंमत अशी की सबस्क्रिप्शन शाबूत असतं, कारण ते त्याच्या ॲपल आयडीला बांधलेलं आहे. ‘खरेदी परत मिळवा’ दाबलं की ते येतं. पैसे कापले जातात, रियाझ दिसत नाही. एक ताऱ्याचे रिव्ह्यू याच आठवड्यात येतात, आणि तेही आता नव्या मालकाच्या खात्यात मुक्काम ठोकतात.

म्हणून त्या हस्तांतरानंतर लगेच फेरफार पूर्ण करतात, तक्ता तपासतात, मगच छोटंसं अपडेट सोडतात. ओळखायची खूण त्यांनी सांगितली: अपडेटच्या दिवशी सर्व्हरवर ‘नवी खाती’ हा आकडा बघत बसायचं. रोजच्यापेक्षा तो एकदम उसळला, तर ते नवे लोक नसतात, तुमचेच जुने लोक असतात. तेव्हा अपडेटचं वाटप थांबवायचं.

सबस्क्रिप्शनचा सर्व्हरही असाच फसवतो. पावत्या तपासायला जुन्या पद्धतीत एक गुपित शब्द लागतो. तो सबंध खात्याचा असेल तर ॲपबरोबर जाणार कसा? फक्त त्या ॲपपुरता वेगळा शब्द हस्तांतराआधी काढून ठेवावा लागतो. पुश नोटिफिकेशनची किल्लीही नव्या टीमची हवी. काकांचं ॲप रोज पहाटे रियाझाची आठवण करतं. ती एका सकाळी आली नाही, तर ज्येष्ठ शिष्यांचे फोन काकांनाच येणार होते.

इतकं नीट काम बघून कौतुक वाटलं. मग त्या जे म्हणाल्या, त्याने थोडी चिंताही लागली. “हे सगळं जितकं बिनबोभाट होतं, तितकं वापरणाऱ्याला कळत नाही की मालक बदलला.”

उदाहरणं जुनी नाहीत. अँड्रॉइडवरचं ‘बारकोड स्कॅनर’ एक कोटीहून जास्त फोनवर होतं. 2020 च्या डिसेंबरात त्याच्या एका अपडेटनंतर ते आपोआप जाहिरातींची पानं उघडू लागलं. मालवेअरबाइट्सने पुढच्या फेब्रुवारीत ते उजेडात आणलं आणि गूगलने ते काढून टाकलं. आधी ते ज्यांच्या खात्यात होतं त्या लावाबर्ड कंपनीचं म्हणणं असं की, त्यांनी ते विकायला काढलं होतं आणि सहीची किल्ली चालते का हे खरेदीदाराला व्यवहार पुरा होण्याआधीच तपासू दिलं होतं. हस्तांतराच्या वाटेवरची किल्ली ही अशी वस्तू आहे. 2023 च्या अखेरीस ‘सिंपल मोबाइल टूल्स’ हा जाहिरातमुक्त, मुक्त स्रोत ॲपचा संच झिपोॲप्स या कंपनीला विकला गेला. साध्या, जाहिराती नसलेल्या ॲपवर जीव टाकणाऱ्यांना ते पटलं नाही. त्या संचावर काम केलेल्या एका सहकाऱ्याने जुना कोड घेऊन ‘फॉसिफाय’ नावाने वेगळी चूल मांडली. तारे मात्र मूळ ॲपबरोबर गेले. फॉसिफायला शून्यापासून सुरुवात करावी लागली.

म्हणजे रिव्ह्यू टिकणं ही विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सोय झाली. वाचणाऱ्याला त्यात फसगत होऊ शकते, कारण 2018 सालच्या पाच ताऱ्यांखाली आजचा मालक कोण, हे कुठेच लिहिलेलं नसतं. स्टोअरच्या पानावर विकासकाचं नाव बदलतं, एवढीच काय ती खूण.

बाई यावर दोन उपाय करतात, आणि ते त्यांच्या कराराच्या मसुद्यात छापलेले आहेत. पहिल्या अपडेटच्या टिपणात मालक बदलल्याची ओळ असलीच पाहिजे, आणि गोपनीयतेच्या पानावरही. सहीची किल्ली पैसे जमा झाल्यावरच द्यायची, चाचणीसाठी म्हणून आधी नाही. कंपनीच्या माणसाने ती ओळ थोडी मऊ करता येईल का, असं विचारलं. बाईंनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, “जशी आहे तशीच ठेवा. पहिल्या दिवसापासून जे शिकतायत, त्यांना सांगितलं पाहिजे.” मग कंपनीने सही केली, आणि बाईंनी मधला रकाना भरणारी आज्ञा चालू केली.