सेव्ह केलेलं चॅट वर्षभरानं नेमकं कसं सापडेल?

आज आम्ही बोलणार आहोत ते व्हॉट्सॲपवरून एक्स्पोर्ट करून ठेवलेल्या चॅटबद्दल. त्यांना नाव काय द्यायचं, टॅग कुठले लावायचे, एवढाच विषय. आम्ही म्हणजे एका गृहनिर्माण सोसायटीची कमिटी. हे शहाणपण आम्हाला ठेच लागून आलंय, तेव्हा आधी ठेच सांगतो.

मे २०२४ मध्ये आम्ही गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. जून २०२५ मध्ये वरच्या मजल्यावर पाणी झिरपायला लागलं. ठेकेदार म्हणाला, हमी एकाच वर्षाची होती. बिलावर नुसती रक्कम. पाच वर्षांचं कबूल केलं होतं ते चॅटवर, हे आम्हाला पक्कं आठवत होतं. सेक्रेटरींचा फोन मध्यंतरी बदललेला, पण जुनी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवली होती. फोल्डर उघडलं तर आत हे:

```
WhatsApp Chat with Committee.txt
WhatsApp Chat with Committee (1).txt
WhatsApp Chat with Committee (2).txt
```

अँड्रॉइडवर फाइलला आपोआप असंच नाव मिळतं. ग्रुपचं नाव तेच, म्हणून फाइलचंही तेच. आयफोनवर तर झिप उघडली की आतली फाइल प्रत्येक वेळी `_chat.txt` हीच. कुणाशी बोललो ते कळतं, कशाबद्दल बोललो ते कळत नाही.

मग आतल्या मजकुरात शोधायला बसलो. ‘हमी’ टाकलं, काही नाही. ‘वॉरंटी’, काही नाही. `guarantee`, तरी नाही. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी डोळ्यांनी वाचत गेलो तेव्हा ठेकेदाराचा, कमिटीतल्या कुणीतरी ग्रुपवर फॉरवर्ड केलेला मेसेज दिसला: `5 varsh garanti pakki saheb`. आता हे स्पेलिंग कोण शोधणार हो! आपण चॅटवर मराठी कधी रोमनमध्ये, कधी देवनागरीत लिहितो, तीही प्रत्येकाची वेगळी. म्हणून चॅटमधल्या शब्दांवर विसंबून चालत नाही. शोधायचा शब्द आपणच बाहेरून, फाइलच्या नावात घालून ठेवायला लागतो.

आता आम्ही नाव असं देतो:

```
2024-05-18_गच्ची_गळती_ठेकेदार_हमी.txt
```

तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, म्हणजे नावानुसार लावलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमानं बसतात. तिरकी रेघ घालू नका. विंडोज ती नावात घेतच नाही. आकडे इंग्रजीच ठेवा, कारण ‘२०२४’ आणि `2024` हे बहुतेक ठिकाणी शोधताना वेगळे धरले जातात. आणि ही तारीख एक्स्पोर्ट केल्याची नव्हे, गोष्ट ठरली त्या दिवसाची. आमच्या एका सभासदानं सगळ्या फाइलींना एक्स्पोर्टचीच तारीख दिली. एका रविवारी बसून केलेलं काम, त्यामुळे वीस फाइलींची तारीख एकच!

तारखेनंतर जागा, मग प्रश्न, मग समोरचा माणूस कोण, आणि शेवटी टॅग. टॅग म्हणजे वर्षभरानं आपण ज्या कारणासाठी ही फाइल शोधू ते कारण. आमचे टॅग पाचच आहेत: हमी, पैसे, ठराव, तक्रार, परवानगी. आधी तीस होते. ‘पैसे’, ‘पेमेंट’, ‘बिल’, ‘ॲडव्हान्स’ असे चार टॅग एकाच गोष्टीला लागायचे, मग शोधताना चारही आठवावे लागायचे. ‘ॲडव्हान्स’ची तर वेगळीच गंमत. यातला ‘ॲ’ कुणाच्या कीबोर्डवर एकच अक्षर म्हणून उमटतो, कुणाच्या ‘अ’ला चंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकाला वेगळे, आणि शोध रिकामा परत येतो. ‘दुरुस्ती’ आणि ‘दुरूस्ती’चंही तेच. म्हणून ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होणार नाही असेच शब्द टॅगसाठी घ्यायचे आणि यादी एका फाइलीत लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवायची. नवा टॅग हवा असेल तर आधी यादीत लिहायचा, मगच वापरायचा.

एक गोष्ट नावानं सुटत नाही. मीडियाशिवाय एक्स्पोर्ट केलं तर अँड्रॉइडवर व्हॉइस मेसेजच्या जागी `<Media omitted>` एवढंच उरतं. महत्त्वाचं बोलणं आवाजात झालं असेल तर मीडियासकट घ्या, आणि आवाजाच्या फाइललाही तेच नाव द्या. मूळ फाइलीच्या मजकुरात मात्र एक अक्षर बदलू नका. उद्या वाद झाला तर बदललेल्या फाइलीवर कोण विश्वास ठेवणार? आम्ही शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘टीप’ जोडलेली छोटी फाइल ठेवतो. त्यात दोन ओळी: काय ठरलं, आणि कुठल्या तारखेचा कितीच्या सुमाराचा मेसेज पाहायचा.

नाव बरोबर झालंय का, हे आम्ही असं तपासतो. जो कमिटीत नव्हता अशा सभासदाला विचारायचं, ‘गच्चीची हमी किती वर्षांची?’ आणि घड्याळ लावायचं. मागच्या महिन्यात एका काकूंना चाळीस सेकंद लागले. लिफ्टच्या कराराला मात्र सहा मिनिटं, कारण तो आम्ही ‘एलेव्हेटर’ या नावानं ठेवला होता.