आकडा चौदाचा, तारीख नोव्हेंबरची

न्हावा शेवाच्या वाटेवर, करळ फाट्याजवळच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी कंटेनर गाड्यांच्या ड्रायव्हरांचे फोन तपासून देतो. गेटवर लागणारा फॉर्म १३, फास्टॅगचं खातं, बँकेचे ओटीपी, सगळं त्या एकाच फोनवर असतं. मार्च २०२५ मध्ये टेबलावर दोन फोन शेजारी आले. एकावर अँड्रॉइड १४, दुसऱ्यावर १३. “माझा नवा आहे, साहेब,” चौदावाला म्हणाला.

सेटिंग्जमध्ये फोनची माहिती उघडून अँड्रॉइड आवृत्तीवर बोट ठेवलं की खाली सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. चौदावर होती ५ नोव्हेंबर २०२४, तेरावर ५ मार्च २०२५. माझ्या लेखी तेरावालाच जास्त सुरक्षित.

कारण मधल्या काळात, फेब्रुवारीत, CVE-2024-53104 या त्रुटीवरचा उपाय आला होता. यूएसबी कॅमेरा जोडल्यावर तो स्वतःची जी माहिती देतो, ती वाचणाऱ्या कर्नलच्या भागात ही चूक होती. कॅमेऱ्याचं सोंग घेतलेलं उपकरण जोडलं, की फोनच्या मेमरीत नको तिथे लिहिता येत होतं. सर्बियात एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा लॉक केलेला फोन उघडताना याचा वापर झाल्याचं ॲम्नेस्टीने त्याच महिन्यात दाखवून दिलं. आवृत्तीचा आकडा याबद्दल काहीच सांगत नाही. तारीख म्हणजे मात्र कंपनीने दिलेली हमी: तोवरच्या गूगलच्या बुलेटिनमधले या फोनला लागू पडणारे सगळे उपाय यात आहेत.

तारखेतला दिवसही वाचावा. 2025-02-01 असेल तर प्रामुख्याने अँड्रॉइडच्या स्वतःच्या भागातले उपाय. 2025-02-05 असेल तर त्यांच्यासोबत कर्नल आणि चिपवाल्यांचेही. वरचा उपाय कर्नलचा, म्हणून एक तारखेच्या फोनवर तो असेलच असं नाही. ‘गूगल प्ले सिस्टीम अपडेट’ची तारीख वेगळी, ती ताजी असली तरी कर्नल दुरुस्त होत नाही.

हमी खोटीही निघते. काही कंपन्यांनी तारीख पुढे सरकवली, पण उपाय घातलेच नव्हते, असं २०१८ मध्ये जर्मनीच्या एसआर लॅब्जने उघडकीला आणलं. तरी जुनी तारीख पाहून निर्धास्त राहायला काहीच आधार नसतो.

उशिराची किंमत या बंदराने पाहिली आहे. २७ जून २०१७ च्या नॉटपेट्या हल्ल्यात इथल्या गेटवे टर्मिनल्स इंडियाचं कामकाज विस्कळीत झालं. तो ज्या वाटांनी पसरला, त्यांतल्या एका वाटेवरचा विंडोजचा उपाय १४ मार्चलाच आला होता.

चौदावाल्या फोनवर अपडेट शोधलं, तर उत्तर आलं, ‘फोन अद्ययावत आहे’. त्याचा अर्थ एवढाच, की कंपनीकडे पाठवायला आणखी काही नाही. तारीख तीन-चार महिने जुनी असेल, तर अशा फोनवरून बँकेचे व्यवहार काढून घ्या, आणि पुढचा फोन घेताना दुकानदाराला आधी विचारा, सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार.