सेल्फ मारला, गाडी उठेना: दोष नेहमी बॅटरीचाच?

सकाळी सेल्फ मारला आणि गाडी उठली नाही, की सोसायटीतल्या सगळ्यांचं निदान ठरलेलं: बॅटरी गेली. असेलही. पण बॅटरी रिकामी का झाली, हे न बघता नवी बसवली तर तीही काही दिवसांत बसते.

मूळ गैरसमज असा, की गाडीतली वीज कायम बॅटरीच पुरवते. प्रत्यक्षात इंजिन चालू झालं की दिवे, पंखा, हॉर्न हा सगळा भार अल्टरनेटर उचलतो आणि बॅटरीही भरतो. बॅटरीचं मुख्य काम इंजिन उठवण्याचं.

‘सारखा सेल्फ मारून बॅटरी उतरते’ हेही अर्धसत्य. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण १५० अँपिअर खेचतो, पण दोनच सेकंद. हिशेब केला तर खर्च होतो ०.०८ अँपिअर-तास, ३५च्या बॅटरीला हे काहीच नाही. याउलट हॅलोजन हेडलाइट तीन तास चालू राहिले, तर १० अँपिअरने ३० अँपिअर-तास गेले! मग जंप देऊन दहा मिनिटं जागेवर इंजिन चालवलं तर ते कसे भरून येणार? त्याला काही तास लागतात. रात्रभर चार्जर लावलेला बरा.

डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा चालत्या गाडीत लागला, तर तो बहुधा चार्जिंग थांबल्याचं सांगतो. बेल्ट तुटला असेल, तर अनेक गाड्यांत त्याच पट्ट्यावरचा पाण्याचा पंपही थांबतो. तेव्हा गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

अल्टरनेटर तपासायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढायची, ही जुनी युक्ती तर आता विसरावीच. व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू जळू शकतो. साधा मल्टीमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. इंजिन चालू असताना साधारण १४ दिसायला हवेत. १२च्या आसपास घुटमळून आकडा उतरत गेला, तर अल्टरनेटर किंवा बेल्ट बघा. (काही नव्या गाड्यांत संगणक मुद्दाम व्होल्टेज कमी ठेवतो, म्हणून हेडलाइट लावून पुन्हा मोजा.)

सेल्फ मारताना ‘कटकटकट’ आवाज येऊन आकडा ८च्या खाली आपटला, तर बॅटरी रिकामी किंवा संपलेली. एकच ‘टक्’ होऊन आकडा १२वरच राहिला, तर वीज सेल्फपर्यंत पोचत नाही किंवा सेल्फचे कार्बन झिजलेत. पण सेल्फ खोलण्याआधी मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या टोकावर आणि दुसरी त्याच टोकावरच्या क्लॅम्पवर टेकवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. एक-दोन व्होल्ट दिसले, तर दोष मधल्या पांढऱ्या-हिरव्या क्षाराचा. टर्मिनल काढून गरम पाण्याने धुवा, घासा, आवळून बसवा.