गाळा, उतार आणि वाशाची लांबी

दोन पाख्यांच्या कौलारू छपराकडे घराच्या त्रिकोणी भिंतीच्या बाजूने पाहिले, की त्यात दोन काटकोन त्रिकोण पाठीला पाठ लावून उभे दिसतात. आढ्याच्या मध्यातून ओळंबा सोडला तर ती दोघांची सामाईक उभी बाजू होते. भिंतीपासून ओळंब्यापर्यंतचे आडवे अंतर ही दुसरी बाजू, आणि वासा हा कर्ण. आडवी बाजू घराच्या मापातून मिळते, उभी बाजू उतारावरून ठरते, आणि कर्ण पायथागोरसच्या नियमाने निघतो. म्हणून एकही वासा वर न चढवता त्याची लांबी जमिनीवर बसून काढता येते.

दोन टेकूंमधल्या पूर्ण आडव्या अंतराला गाळा म्हणतात. छपराच्या हिशेबात लागतो तो अर्धा गाळा. उतार मात्र दोन तऱ्हांनी सांगितला जातो आणि पहिला घोटाळा तिथेच होतो. सुतार ‘फुटाला ७ इंच’ म्हणतो, तेव्हा आडवे एक फूट गेल्यावर छप्पर ७ इंच चढते असा अर्थ असतो. कुणी ‘उंची गाळ्याच्या चौथ्या हिश्शाने’ असे सांगतो, तेव्हा तुलना पूर्ण गाळ्याशी असते. अर्ध्या गाळ्याशी ताडून पाहिले तर हाच उतार फुटाला ६ इंच होतो. ऐकणाऱ्याने चौथा हिस्सा अर्ध्या गाळ्याचा धरला, तर उतार फुटाला ३ इंचांवर येतो. इतक्या सपाट पाख्यावर मंगळुरी कौलांच्या सांध्यांतून पावसाचे पाणी आत शिरते.

एका वाशाचा हिशेब

एका घराची रुंदी भिंतींच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत २० फूट आहे. भिंतीच्या माथ्यावर लाकडी पट्टी बाहेरच्या कडेला लागून बसवली आहे आणि तिच्यावर वासे टेकणार आहेत. उतार फुटाला ७ इंच ठरला आहे. कोनात सांगायचे तर तो ३० अंशांहून किंचित जास्त होतो.

अर्धा गाळा १० फूट, म्हणजे १२० इंच. दहा फुटांत चढ ७० इंच, म्हणजे ५ फूट १० इंच. १२० चा वर्ग १४,४०० आणि ७० चा वर्ग ४,९००. बेरीज १९,३००. तिचे वर्गमूळ १३८.९२ इंच, म्हणजे ११ फूट ६.९२ इंच. आठ सुतांचा एक इंच, या हिशेबाने ११ फूट ७ इंचांना जेमतेम अर्धे सूत कमी.

हेच गणित एका फुटासाठी केले, तर १२ आणि ७ या बाजूंचा कर्ण १३.८९ इंच येतो. हा आकडा हाताशी असला की पुढचे काम गुणाकाराचे. आडवे जितके फूट, तितके १३.८९ इंच वाशावर. दर फुटाला ५ इंच उतार असेल तर हा आकडा बरोबर १३ येतो आणि ९ इंच उतार असेल तर बरोबर १५, कारण ५-१२-१३ आणि ९-१२-१५ हे पूर्णांकी काटकोन त्रिकोण आहेत. फुटाला ६ इंचांसाठी तो १३.४२ आणि ८ इंचांसाठी १४.४२ होतो.

गणनयंत्रावर फुटांत हिशेब केला, तर उत्तर ११.५७७ फूट असे दिसते. दशांशचिन्हापुढचे आकडे इंच समजून ११ फूट पावणेसहा इंचांवर खूण केली, तर वासा एक इंचाहून अधिक आखूड पडतो. ०.५७७ ला १२ ने गुणल्यावर ६.९२ इंच मिळतात. सगळा हिशेब सुरुवातीपासून इंचांत ठेवला, तर ही चूक होत नाही.

कागदावरची रेषा आणि प्रत्यक्ष लाकूड

त्रिकोणाच्या बाजूंना जाडी नसते, लाकडाला असते. त्यामुळे निघालेल्या लांबीत एक वजाबाकी आणि दोन बेरजा कराव्या लागतात.

वजाबाकी आढ्याची. दोन्ही बाजूंचे वासे आढ्याच्या फळीला येऊन भिडत असतील, तर गाळ्याच्या मध्यात फळीची जाडी उभी असते. दीड इंच जाड फळीचा अर्धा भाग, म्हणजे पाऊण इंच, प्रत्येक वाशातून कमी होतो. हा पाऊण इंच आडवा आहे. वाशाच्या तिरक्या अंगावर तो १३.८९ भागिले १२ या पटीने वाढून ०.८७ इंच होतो. तेवढे वजा केल्यावर १३८.०६ इंच उरतात, म्हणजे ११ फूट ६ इंच. वासे आढ्यावरून जाऊन एकमेकांना बगल देत असतील, तर ही वजाबाकी करायची नाही.

पहिली बेरीज वळचणीची. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून पाखे भिंतीच्या बाहेर दोन फूट न्यायचे असेल, तर हे दोन फूटही आडवे मोजलेले असतात. वाशावर ते २७.७८ इंच होतात. एकूण लांबी १६५.८४ इंच, म्हणजे १३ फूट पावणेदहा इंचांहून किंचित जास्त.

एवढे कळल्यावर चौदा फुटी लाकूड पुरेल असे वाटते, पण ते पुरत नाही. वाशाची दोन्ही टोके ओळंब्यात उभी कापली, तर काप लाकडाच्या अंगात तिरका जातो. वाशाची उंची ५ इंच असेल, तर या तिरकेपणामुळे वरच्या कडेचे टोक खालच्या कडेच्या टोकापेक्षा ५ गुणिले ७ भागिले १२, म्हणजे २.९२ इंच पुढे जाते. ही दुसरी बेरीज. आता १६८.७६ इंच लांबीचे लाकूड लागते आणि चौदा फूट म्हणजे १६८ इंच. पाऊण इंच कमी. मग एकतर पुढच्या लांबीचे लाकूड घ्यावे लागते, किंवा वळचण दोन इंचांनी आत घ्यावी लागते. वळचण बावीस इंच केली, तर गरज १६६.४४ इंचांवर येते आणि चौदा फुटी लाकडात दीड इंच शिल्लक राहतो. हे कागदावर दिसले तर निर्णय लाकूड घेण्याआधी होतो.

काप आखायला गुण्या पुरतो. गुण्याच्या एका भुजेवरचा १२ आणि दुसऱ्या भुजेवरचा ७ वाशाच्या एकाच कडेला टेकवले, की गुण्या आणि कड मिळून छपराचाच त्रिकोण तयार होतो. ७ च्या भुजेलगतची रेघ म्हणजे ओळंब्याचा काप आणि १२ च्या भुजेलगतची रेघ म्हणजे पट्टीवरच्या बैठकीचा काप. दोन्ही मिळून पट्टीवर बसणारी खाच आखली जाते. गणितातली लांबी या खाचेच्या कोपऱ्यापासून, म्हणजे पट्टीची बाहेरची कड जिथे टेकते तिथून, मोजायची. खाच वाशाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून खोल नसावी, असा सर्वसाधारण नियम आहे. त्याहून खोल गेली तर वासा तिथेच कमकुवत होतो.

गणित न करता हाच गुण्या कडेवरून दहा वेळा सरकवूनही दहा फुटांचा वासा मोजता येतो. दोष एवढाच, की प्रत्येक खुणेत अर्धे सूत चुकले, तर दहाव्या खुणेला पाच सुतांचा फरक पडतो. म्हणून लांबी गणिताने काढावी आणि गुण्या कापांसाठी वापरावा.

कैचीतला तिरका टेका

वाशांवर भार आला, की त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात आणि भिंतींना ढकलतात. गाळा मोठा असेल तर ठरावीक अंतरांवर कैच्या उभ्या करतात. साध्या कैचीत दोन तिरके मुख्य वासे, त्यांचे पाय एकत्र बांधणारी खालची आडवी तुळई, मधला खांब, आणि खांबाच्या पायापासून वाशांच्या मध्याकडे जाणारे दोन तिरके टेके असतात. मधला खांब दिसायला खांब असला, तरी तो वरचा भार खाली नेत नाही. टेके त्याच्या पायावर दाब देतात आणि तो त्या दाबासह तुळईला वर ओढून धरतो. त्यामुळे त्याचे खालचे आणि वरचे सांधे ताण सोसणारे हवेत.

कैचीची मापे सर्व लाकडांच्या मध्यरेषांची घेतात. टेकूच्या मध्यापासून मध्यापर्यंतचा गाळा इथेही २० फूट आणि उतार फुटाला ७ इंच धरला, तर तुळई २० फूट, खांब ५ फूट १० इंच आणि मुख्य वासा ११ फूट ६.९२ इंच होतो. टेका वाशाच्या बरोबर मध्याला भिडतो. तो बिंदू खांबाच्या पायापासून आडवा ६० इंच आणि उभा ३५ इंच दूर असतो. ३,६०० आणि १,२२५ यांची बेरीज ४,८२५. तिचे वर्गमूळ ६९.४६ इंच, म्हणजे ५ फूट साडेनऊ इंच.

हा आकडा मुख्य वाशाच्या बरोबर निम्मा आहे, आणि तो योगायोग नाही. काटकोन त्रिकोणात कर्णाचा मध्यबिंदू तिन्ही कोपऱ्यांपासून सारख्याच अंतरावर असतो. वाशाचा पाय, आढ्याचे टोक आणि खांबाचा पाय हे तीन कोपरे. म्हणून उतार कितीही असो, टेका वाशाच्या मध्याला जात असेल, तर त्याची मध्यरेषा अर्ध्या वाशाएवढीच असते, आणि त्याचा उतारही वाशाच्या उताराएवढाच, फक्त उलट दिशेचा. टेक्याचे गणित चुकले का, हे वाशाचे निम्मे करून लगेच कळते.

इथेही मध्यरेषा म्हणजे लाकूड नव्हे. खांब ५ इंच रुंद असेल, तर टेका त्याच्या मध्यापर्यंत न जाता अडीच इंच आधीच थांबतो, आणि तिरक्या अंगावर हे अडीच इंच २.८९ इंच होतात. वरच्या टोकाला वाशाच्या निम्म्या उंचीमुळे अशीच आणखी घट होते. खाचेत घुसणारे खुंट ठेवायचे असतील, तर त्यांची लांबी पुन्हा मिळवावी लागते. म्हणून पूर्ण मापाची कैची सपाट जमिनीवर चुन्याने किंवा खडूने आखून तिच्यावर लाकडे ठेवून खुणा करणे सोयीचे पडते. आखलेल्या त्रिकोणाची आडवी, उभी आणि तिरकी मापे गणिताशी जुळली, की कोन वेगळे तपासावे लागत नाहीत.

हा हिशेब फक्त लांबी सांगतो. लाकूड किती जाड हवे आणि कैच्या किती अंतरावर हव्यात, हे भार, गाळा आणि लाकडाची जात यांवर ठरते. शिवाय भिंती काटकोनात आहेत असे त्यात गृहीत धरलेले असते. २० फूट रुंद आणि ३० फूट लांब घराचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे दोन्ही कर्ण ३६ फूट पाऊण इंचाच्या जवळपास आणि एकमेकांएवढे भरले पाहिजेत. रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्यात, अशी तीन ठिकाणी मोजावी. ती एक इंचाने वाढली, तर अर्धा गाळा अर्ध्या इंचाने वाढतो आणि वासा साडेचार सुतांहून थोडा अधिक. मापे जुळल्यावर आधी एकच जोडी कापतात, आढ्याच्या तुकड्यासह वर धरून पाहतात, आणि दोन्ही खाचा पट्टीवर फट न राहता बसल्या, की त्यातला एक वासा नमुना म्हणून ठेवून बाकीचे त्याच्यावरून आखतात.