नजर माशीवर, लक्ष्य धूसर

28 जुलै 2024. पॅरिस ऑलिंपिकमधली महिलांची दहा मीटर एअर पिस्तुलाची अंतिम फेरी. बावीस छर्रे झाडून झाल्यावर मनू भाकरचे गुण होते 221.7 आणि तिच्या लगेच पुढे असलेल्या दक्षिण कोरियाच्या किम ये-जीचे 221.8. मनूला कांस्य मिळालं, किम रौप्यासाठी पुढे गेली. मधलं अंतर 0.1 गुणाचं. टार्गेटवर मोजलं तर 0.1 गुण म्हणजे 0.8 मिलिमीटर.

या खेळाचं टार्गेट आधी डोळ्यांसमोर आणू. मधला काळा गोल 59.5 मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे जेमतेम सहा सेंटिमीटर. त्याच्या मध्यभागी दहा गुणांचं वर्तुळ, व्यास 11.5 मिलिमीटर. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छऱ्याची कड वर्तुळाच्या रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो. त्यामुळे छऱ्याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून आठ मिलिमीटरच्या आत पडलं तर दहा, सोळाच्या आत पडलं तर नऊ, आणि पुढे दर आठ मिलिमीटरला एक गुण कमी. पात्रता फेरीत पंचाहत्तर मिनिटांत असे साठ छर्रे झाडायचे, तेही एका हाताने, मनगटाला कसलाही आधार न घेता.

आता पहिली अडचण अशी की हात हलतो. किलोभर वजनाचं पिस्तूल खांद्याच्या उंचीला धरलं की नवख्याचा हलतो आणि ऑलिंपिकपटूचाही हलतो. फरक इतकाच की एकाचा फार, दुसऱ्याचा थोडा. नवखा सगळी ताकद ही थरथर थांबवण्यात घालवतो आणि तिथेच फसतो, कारण गुण खाणारी चूक बहुधा दुसरीच असते.

पिस्तुलावर नेम धरायला दोन गोष्टी असतात. डोळ्याकडच्या बाजूला चौकोनी खाच, ती रिअर साइट. नळीच्या टोकाला सपाट माथ्याची छोटी पट्टी, ती फ्रंट साइट. जुन्या मराठीत बंदुकीची माशी. माशी खाचेच्या बरोबर मध्ये हवी, तिच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या सारख्या फटी दिसायला हव्यात आणि तिचा माथा खाचेच्या कडांशी समपातळीत हवा.

या दोन साइटमधलं अंतर साधारण 33 सेंटिमीटर धरू. समजा, माशी खाचेत अगदी नीट बसली आहे, पण थरथरीमुळे सगळा हात पिस्तुलासकट पाच मिलिमीटर खाली गेला. छर्राही पाच मिलिमीटर खाली लागेल. गुण दहाच. आता उलट समजा. हात जागेवर आहे, पण मनगट किंचित वळून माशी खाचेत एक मिलिमीटर डावीकडे सरकली. 33 सेंटिमीटरला एक मिलिमीटर, तर दहा मीटरला सुमारे तीस. छर्रा तीन सेंटिमीटर डावीकडे जातो आणि गुण येतात सात. हाताची पाच मिलिमीटरची हालचाल माफ होते, माशीची एक मिलिमीटरची होत नाही. पकड, उभं राहणं आणि श्वास यांचे सगळे नियम या हिशोबातून आले आहेत.

म्हणूनच नजर माशीवर ठेवायची. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. हात लांब करून अंगठा भिंतीवरच्या घड्याळासमोर धरा. अंगठ्यावरच्या रेषा स्पष्ट दिसल्या की घड्याळाचे आकडे पुसट होतात. नेमातही तसंच व्हायला हवं: माशीच्या कडा कोरीव दिसाव्यात आणि टार्गेटचा काळा गोल धूसर. शिवाय नेम काळ्या गोलाच्या मध्यावर धरत नाहीत, कारण काळ्यावर काळी माशी हरवते. गोलाच्या खालच्या पांढऱ्या पट्ट्यात नेम धरतात आणि छर्रा मध्यावर लागावा अशा बेताने रिअर साइटचे स्क्रू फिरवून ठेवतात.

माशी खाचेत टिकवणं हे पकडीचं काम. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला जितकी वर बसेल तितकी बसवायची. जोर मधल्या दोन बोटांचा, सरळ मागे, तळव्याकडे. अंगठा आणि करंगळी नुसती टेकलेली. तर्जनी लाकडाला टेकता कामा नये, तिचं काम फक्त ट्रिगर. पारखण्याची रीत सोपी आहे. डोळे मिटून पिस्तूल उचला, मग उघडा. माशी दर वेळी खाचेच्या एकाच बाजूला दिसत असेल, तर मनगट वाकवून ती मध्ये आणू नका. मूठच घासून किंवा भरून हाताला बसवा.

उभं राहण्याची परीक्षाही मिटल्या डोळ्यांनीच होते. पाय खांद्याइतके फाकलेले, अंग टार्गेटला आडवं, मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात. पॅरिसमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचचा खिशातला हात जगभर गाजला, पण बहुतेक पिस्तूल नेमबाज तसेच उभे राहतात. लोंबता हात झुलतो आणि अंग हलवतो. डोळे उघडल्यावर पिस्तूल टार्गेटच्या उजवीकडे किंवा डावीकडे दिसलं, तर हात ओढून आणायचा नाही. मागचा पाय थोडा सरकवायचा. ओढून आणलेला हात ट्रिगर सुटताना मूळ जागी परततो.

श्वास घेत पिस्तूल टार्गेटच्या वर न्यायचं आणि श्वास सोडत खाली उतरवायचं. उच्छ्वासानंतर शरीर आपोआप थोडं थांबतं. त्या विसाव्यात, साधारण पाच ते आठ सेकंदांत, छर्रा सुटावा. दहा सेकंद उलटले तर हात खाली घ्यावा. तोवर डोळा ताठरतो, माशी तितकी कोरीव उरत नाही, आणि थकलेला डोळा ही गोष्ट सांगतही नाही.

एक उदाहरण घेऊ. उजव्या हाताने खेळणारी मुलगी दहा छर्रे झाडते. चार मध्यावर, बाकीचे घड्याळात सात वाजतात त्या दिशेला, खाली डावीकडे पसरलेले. सगळे तिथेच गच्च एकत्र असते तर साइटचे स्क्रू फिरवणं पुरेसं होतं. पण मध्यापासून निघालेली अशी शेपटी वेगळंच सांगते. नेम मध्यावर जमतो तेव्हा ही मुलगी "आत्ताच!" म्हणून ट्रिगर ओढते आणि तर्जनीबरोबर सगळी मूठ आवळते. ट्रिगरला किमान पाचशे ग्रॅमचा दाब लागतो, तेवढ्यासाठी सगळ्या पंजाची गरज नाही. मूठ आवळली की नळी खाली डावीकडे झुकते.

तिला हे पटत नाही. मग प्रशिक्षक तिच्या नकळत छर्रा न भरताच पिस्तूल तिच्या हातात देतात. ट्रिगर सुटतो, छर्रा जात नाही, आणि माशी खाली बुडालेली तिला स्वतःला दिसते. आता तिने दाब सावकाश, सलग वाढवत न्यायचा. थरथर चालू असली तरी थांबायचं नाही आणि सुटल्यानंतरही दोन सेकंद नजर माशीवर ठेवायची.

तुमच्या घरातलं कोणी या खेळाकडे वळत असेल, तर सुरुवातीला टार्गेटवरचे गुण विचारू नका. स्पर्धेच्या पिस्तुलांत छर्रा न भरता ट्रिगर चालवण्याची सोय असते. रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, पहिले काही आठवडे कोऱ्या पांढऱ्या कागदासमोर तसा सराव करू द्या. घरी आल्यावर एकच प्रश्न विचारा: ट्रिगर सुटला तेव्हा माशी कुठे होती? याचं उत्तर दर वेळी नेमकं देता येऊ लागलं की काळा गोल समोर लावायला हरकत नाही.